खांड पडली, पण खंड चुकला नाही



रोह्याहून एका कामगार बंधूंचे पत्र आले आहे. ते धाटावच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. त्यांच्या मुलीला शाळेत नाटकासाठी काम दिले आहे. 'गावातील वडीलधारा माणूस आणि कर वसूल करणारा यांचा संवाद लिहा, दोघांची मते एकमेकांविरुद्ध हवीत.' मुलीने लिहिलेला पहिला कागदही त्यांनी सोबत धाडला आहे, आणि तो बरा आहे का असे विचारले आहे.

कागद आम्ही दोनदा वाचला. अक्षर सुरेख आहे. पण त्यातला अधिकारी पहिल्या वाक्यापासून ओरडतो आणि म्हातारा पहिल्या वाक्यापासून रडतो. 'लगान' हा शब्द आला आहे, 'हुजूर' हा शब्द आला आहे. हा हिंदी सिनेमातला गाव झाला. आपल्या पेण-रोह्याकडे शेतावरच्या सरकारी कराला सारा म्हणत, धारा म्हणत, आणि कुळाने जमिनीबद्दल जे द्यायचे त्याला खंड म्हणत. मुलीला आम्ही एवढेच सांगतो की, बाळ, दूरचा गाव कशाला? तुझ्याच जिल्ह्यात हा संवाद खरोखर घडत होता. तोच लिही.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता, आणि इथल्या कितीतरी गावांत खोती होती. खोतीच्या गावात सरकारचा माणूस घरोघर वसुलीला येत नसे. गावाचा सारा खोताने सरकारात भरायचा आणि कुळांकडून खोताने वसूल करायचा, अशी रीत. सरकारात भरायचे ते ठरलेले असे. कुळाकडून घ्यायचे ते मात्र त्याहून पुष्कळ जास्त असे, आणि मधला फरक खोताच्या घरी राही. म्हणून तुझ्या नाटकातला वसुली करणारा हा तलाठी नको. तो खोताचा कारकून असू दे. तो स्वतःही पगारी नोकरच. वसुली कमी पडली तर खोत त्यालाच जाब विचारणार.

आणि वडीलधारा माणूस कोण? आम्ही सुचवतो, आपल्या महारवाड्यातला म्हातारा घे. तो खोताचे शेत कसतो म्हणून कुळ आहे. शिवाय तो गावकामगारही आहे. वसुलीच्या दिवसांत लोकांना चावडीवर बोलावणे त्याच्याकडे, आणि गोळा झालेली रक्कम तालुक्याच्या कचेरीत पोहोचवायला सोबत जाणेही त्याच्याकडे. म्हणजे गावातून भात किती गेले ते त्याने पाहिले आहे, आणि सरकारात पैसा किती गेला तेही त्याने पाहिले आहे. हे दोन्ही पाहिलेला माणूस गावात दुसरा नाही. या म्हाताऱ्याला रडवायची गरजच नाही.

आता भांडण कशावरून? पेणचा खारेपाट तू पाहिला असशील. दादर, रावे या बाजूला शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी असते. मोठ्या उधाणाला बांध फुटला की त्याला 'खांड पडली' म्हणतात. खारे पाणी शेतात शिरते, उभे भात जळते, आणि पुढची दोन-तीन वर्षे पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत पीक धड येत नाही. तर खांड पडली त्या सालातला पौष महिना धर.

आकडे आधी कागदावर मांडून घे. हे आम्ही नाटकासाठी धरलेले आकडे आहेत. बऱ्या साली शेतात १२० मण भात, म्हणजे सहा खंडी. खंड ठरलेला ६० मण. यंदा पीक आले फक्त ४० मण. कारकून ते सगळे ४० नेणार, आणि राहिलेले २० मण बाकी म्हणून लिहिणार. त्या बाकीवर दीडी, म्हणजे पुढच्या साली २० चे ३०. पुढच्या साली खंडाचे ६० आणि बाकीचे ३०, मिळून ९० मण द्यायचे. आणि शेत तर खारावलेले. १२० येणारच नाहीत. एवढा हिशेब तुझ्या डोक्यात पक्का असला की संवाद आपोआप चालू लागेल. नमुन्यादाखल थोडा आम्ही लिहून देतो.

कारकून : ये. तुझ्या नावावर साठ मण. खळ्यावर चाळीसच दिसतात.

म्हातारा : पिकलेच चाळीस, रावसाहेब. खांड पडली ती तुम्ही पाहिलीत.

कारकून : पाहिली. पण खंड हा खंड आहे. पिकाचा वाटा ठरला असता तर पीक बुडाल्यावर वाटाही बुडाला असता. तुझा ठराव साठ मणांचा आहे. गेल्या साली जास्त पिकलं तेव्हा मी जास्त मागायला आलो होतो का?

म्हातारा : नाही आलात. पण बांध कुणाचा?

कारकून : बांध राखायचा कुळांनी. कबुलायतीत लिहिलंय.

म्हातारा : आश्विनात आम्ही सांगायला आलो होतो, उघाडीपाशी माती सुटलीय, गडी आणि दगड द्या. तुम्ही म्हणालात, पुढच्या साली बघू. खांड पडली, तरी खंड काही चुकत नाही.

कारकून : आणि सरकार? सरकारचा हप्ता खांड पडली म्हणून थांबत नाही. खोतांनी भरला नाही तर त्यांच्यावर जप्ती. तू चाळीसातले वीस दिलेस, दुसरा दहा देईल, मग हप्ता मी माझ्या घरचा भरू? मला तीन लेकरं आहेत.

म्हातारा : तुमचं खरं आहे. हप्ता चुकवता येत नाही. पण हप्त्याची थैली पेणच्या कचेरीत कोण नेतं?

कारकून : तूच नेतोस.

म्हातारा : मीच नेतो. माझ्या बापानं नेली. थैली किती जड असते ते या खांद्याला ठाऊक आहे. आणि या गावातून भाताच्या किती गाड्या निघतात तेही मीच मोजतो, कारण गाड्यांमागून मला चालावं लागतं. रावसाहेब, गाड्या पुष्कळ असतात आणि थैली हलकी असते. मधलं भात कुठं जातं?

(कारकून बोलत नाही. वही उघडतो.)

कारकून : चाळीस जमा, वीस बाकी. पुढच्या सालची कबुलायत इथंच करू. अंगठा दे.

म्हातारा : पावती द्याल?

कारकून : आजवर कधी मागितली नाहीस.

म्हातारा : आजवर घरात वाचणारं कुणी नव्हतं. आता नात वाचते. वीस मण न्या, वीस बियाण्याला आणि पोटाला राहू द्या. पावती आली की अंगठा.

कारकून : अंगठा नसेल तर शेत दुसऱ्याला जाईल.

म्हातारा : जाईल. पण दुसऱ्यानंही अंगठा दिला नाही तर?

इथे पडदा पाडावा. आमच्या मते हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर नाटकात देऊ नये. कबुलायत दरसाल नवी का करून घेत? कुळाचा त्या जमिनीवर कायमचा हक्क असल्याचे कागदावर येऊ नये म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या शेत कसूनही कुळ कागदावर एका सालाचेच राही. पावती नाही म्हणजे भरल्याचा पुरावा नाही, आणि बाकी किती ते फक्त खोताच्या वहीला ठाऊक. म्हणून म्हाताऱ्याने पावती मागणे हे वीस मण मागण्यापेक्षाही मोठे आहे. कारकुनाला ते लगेच कळते. म्हाताऱ्याला कदाचित पुरते कळलेलेही नसेल.

या प्रश्नाचे उत्तर पुढे प्रत्यक्षात आले. १९३० च्या डिसेंबरात पेण तालुक्यात शेतकऱ्यांची परिषद भरली. नारायण नागू पाटील आणि भाई अनंत चित्रे हे तिचे पुढारी. खोती नष्ट करावी हीच तिथली मागणी होती. पेणहून अलिबागच्या वाटेवर चरी हे गाव लागते. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी संप पुकारला. दुसऱ्यानेही अंगठा दिला नाही, तो असा. संप १९३९ पर्यंत चालला. शेते पडीक राहिली, लोकांनी रानातली लाकडे विकून दिवस काढले. बाबासाहेब स्वतः १९३४ साली चरीला आले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर गेला. ते बिल तेव्हा पास झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली आला. तुझ्या म्हाताऱ्याला यातले पुढचे काही माहीत नाही. त्याच्या तोंडी ते घालू नकोस. त्याला समोरचे चाळीस मण दिसतात, तेवढेच त्याने बोलावे.

संवाद जमला की नाही हे कसे ओळखावे? आम्ही दोन युक्त्या सांगतो. पहिली अशी की, बोलणाऱ्यांची नावे हाताने झाकून घरात कुणाला तरी वाचून दाखव. कोण बोलते आहे ते ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. कारकून वहीतले बोलतो आणि म्हातारा पाहिलेले बोलतो. हा फरक राहिला पाहिजे. दुसरी अशी की, कारकुनाचे एक तरी वाक्य असे हवे की ज्यावर म्हाताऱ्याला 'तुमचं खरं आहे' म्हणावे लागेल. आमच्या नमुन्यात ते हप्त्याचे वाक्य आहे. तुझ्या पहिल्या कागदावर असे एकही वाक्य नव्हते, म्हणून तिथे दोन मते नव्हती, एकच होते आणि दुसऱ्या बाजूला नुसता आवाज होता.

आमचा नमुना जसाच्या तसा उतरवू नकोस. हे खारेपाटाचे झाले. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी तुझ्या आजोळी जुनी माणसे असतील. त्यांना दोनच गोष्टी विचार. आपल्या घरचा खंड किती मण होता, आणि माप कुणाच्या घरचे होते? खोताच्या मापाला शीग किती चढवत ते आजी हात वर करून दाखवील. तो हात नाटकात घे.

आणि बंधूंनो, विचारताना वही मुलीच्या हातात असू द्या. तुम्ही बाजूला बसा.