हातात साडेसहाशे कमी, तरी कायमची ऑर्डर घ्यावी का?

महाड : बिरवाडीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे सात-आठ वर्षं काढलेल्या कामगाराला एखाद्या दिवशी ऑफिसात बोलावतात आणि कंपनीच्या रोलवर येणार का विचारतात. घरात आनंद होतो. पण पगाराचा कागद हातात पडला की चेहरा उतरतो, कारण महिन्याला हातात येणारी रक्कम आधीपेक्षा कमी दिसते. मग पोलादपूरच्या एसटीत बसल्या बसल्या सल्ले सुरू होतात, "कशाला जातोस, आहे तेच बरं."

एक हिशेब मांडून बघू. समजा ठेकेदाराकडे रोजची हजेरी 560 रुपये आहे. 26 दिवसांचे 14,560 होतात. त्यात 36 तास ओव्हरटाइम. तासाला 70 रुपये पडतात, कायद्याप्रमाणे दुप्पट म्हणजे 140, म्हणून 5,040 जास्तीचे. पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर कापून हातात 17,506 येतात.

आता कंपनीची ऑफर. वर ठळक अक्षरात 'वार्षिक 2,80,668' लिहिलंय. म्हणजे महिन्याला 23,389. पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा 1,800, ईएसआयचा 618, ग्रॅच्युइटीची तरतूद 721 आणि बोनसचे 1,250 धरलेले आहेत. खरा पगार 19,000. कपात होऊन हातात 16,857. म्हणजे 649 रुपये कमी.

गडबड इथेच होते. एका बाजूला ओव्हरटाइमसकट पगार आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या आठ तासांचा. आठ तासांची तुलना आठ तासांशी केली, तर ठेकेदाराकडे हातात 12,503 येतात आणि कंपनीत 16,857. फरक 4,354 रुपयांचा, तोही कायमच्या बाजूने. कंपनीत ओव्हरटाइम मिळाला तर तो वेगळा. मात्र पीएफ, ईएसआय आणि बोनस हा नवा फायदा धरू नये. ते कायद्याने ठेकेदारालाही द्यावेच लागतात.

हजेरीवाल्याचा आकडा तरी 26 दिवस भरले तरच खरा. लावणीला सहा दिवस घरी राहिला, की 14,560 चे 11,200 होतात. जुलै 2021 सारखा सावित्रीला पूर आला आणि गेट बंद राहिलं, तर हजेरीच लागत नाही. कायमवाल्याला अशा वेळी साठलेली भरपगारी रजा टाकता येते.

खरा तोटा दुसरीकडे होतो आणि तो पगाराच्या कागदावर दिसत नाही. ग्रॅच्युइटी साधारणपणे एका मालकाकडे सलग पाच वर्षं झाल्यावर लागू होते. माणूस आठ वर्षं त्याच गेटमधून आत गेलेला असतो, पण तेवढ्यात ठेकेदार तीन झालेले असतात आणि कागदावर कुणाकडेच पाच वर्षं भरत नाहीत. हे तपासायला पीएफचं पासबुक उघडावं. एकाच यूएएनखाली जितके मेंबर आयडी, तितके मालक. आठही वर्षं धरली असती, तर दर वर्षाला 15 दिवसांचे 8,400 याप्रमाणे 67,200 रुपये झाले असते. ऑर्डरमध्ये 'नवीन नेमणूक' लिहिलं, तर मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून सही करण्याआधी मागची सेवा धरणार का, हे लेखी विचारावं. कंपनी नाही म्हणू शकते, पण गरज तिलाही असते. अनुभवी ऑपरेटर रोज मिळत नाही. एकाच ठेकेदाराकडे पाच वर्षं भरली असतील, तर सोडताना ग्रॅच्युइटी त्याच्याकडेच मागायची.

'कंपनी रोल' म्हणजे कायम, असंही समजू नये. ऑर्डरवर शेवटची तारीख असेल, तर ती ठरावीक मुदतीची नोकरी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार अशा मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, हे खरं. पण मुदत संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्या कागदात नसतं.

ठेकेदार बऱ्याचदा आधीच राजीनामा आणि 'सर्व हिशेब मिळाला' अशी सही मागतो. कंपनीची सही-शिक्क्याची ऑर्डर हातात आल्याशिवाय ती देऊ नये, आणि शेवटचा पगार, बोनस, रजेचे पैसे मिळाल्याशिवाय तर नाहीच.

पीएफ काढून बाइक घ्यायचा मोहही होतो. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आठ वर्षं झालेल्याने खातं नव्या मेंबर आयडीला जोडलं तर दोनच उरतात, पेन्शनसकट सगळं काढून घेतलं तर पहिल्यापासून दहा. जोडताना बहुतेकदा जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख न भरल्यामुळे अर्ज अडतो. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतःच्या लॉगिनमधून आधारच्या ओटीपीने टाकता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा.