रिकामा बाक

एप्रिलची सुट्टी लागली आणि इंदूरची सहावीतली नात कॅनडातल्या आजोबांना पत्र लिहायला बसली. जूनमध्ये ते काकांकडे गेले, तेव्हापासूनचं शाळेचं वर्ष सांगायचं होतं. आईने मायना सांगितला, ‘ती. आजोबांस, साष्टांग नमस्कार.’ पुढे दोनच वाक्यं, ‘मी मजेत आहे. पेपर छान गेले.’ संपलं पत्र!

“आजोबा फाटकाशी भेटले असते, तर काय सांगितलं असतंस?” आईने विचारलं.

मग पेन धावू लागलं. पावसात भिजलेलं दप्तर, सहामाहीत चुकलेले अपूर्णांक, खो-खोत फुटलेला गुडघा... दोन पानं भरली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला आईने लाल पेन्सिल घेतली आणि एका ओळीवर थबकली, ‘आता मला न्यायला कुणी येत नाही.’ वर्षभर हे ती बोलली नव्हती. आईने पेन्सिल खाली ठेवली.

सोबत चित्र होतं. शाळेचं फाटक, कडुनिंब आणि आजोबांचा रिकामा बाक. एरोग्राममध्ये वेगळा कागद घालता येत नाही, म्हणून पाकीट घेतलं. मेणखडूचा रंग पत्राला लागू नये म्हणून चित्रावर बटर पेपर ठेवून एकच घडी घातली. टपाल वजनावर, तेव्हा चित्रासकट पाकीट पोस्टात तोलून मगच तिकिटं लावली.

“आजोबांना बाक ओळखू येईल ना गं?” नातीने विचारलं.

“येईल,” आई म्हणाली. जूनपासून निदान शनिवारी तरी फाटकाशी जायचं, हे तिने तिथेच ठरवलं.