‘तुम्ही’ म्हणजे कोण?

द्वितीयपुरुषी निवेदनाविषयी एक समजूत आपल्याकडील समीक्षेत फारशी तपासली न जाता रूढ झालेली आहे. लेखकाने ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हटले की वाचक आपोआप कथेत ओढला जातो आणि पात्राच्या जागी जाऊन बसतो, असे मानले जाते. मला ही समजूत अपुरी वाटते. द्वितीयपुरुष वाचकाला आत घेतो त्यापेक्षा अधिक वेळा तो त्याला दुभंगतो. आणि हे दुभंगणे कोणत्या ठिकाणी व किती प्रमाणात होईल, हे लेखकाच्या प्रतिभेइतकेच त्याच्या भाषेच्या व्याकरणावरही अवलंबून असते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील आपला कादंबरीकार मधेच थांबून वाचकाला चार शब्द सुनावतो, तेव्हा तो कथेबाहेरच्या माणसाशी बोलत असतो. तेथील ‘तुम्ही’ काही करीत नाही, केवळ ऐकतो. द्वितीयपुरुषी निवेदनात मात्र ‘तुम्ही’ हाच क्रियापदांचा कर्ता असतो. तो चालतो, आठवतो, खोटे बोलतो. एमिल बेंवेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने 1946 मध्ये दाखवून दिले की ‘मी’ व ‘तू’ हे परस्परांवाचून संभवत नाहीत, तर ‘तो’ हा त्या संभाषणाच्या बाहेरचा, खरे पाहता पुरुषच नसलेला पुरुष होय. हे मान्य केले तर प्रत्येक ‘तुम्ही’मागे एक ‘मी’ उभा असणारच. तो कोण, हाच अर्थनिर्णयनाचा पहिला प्रश्न ठरतो.

मिशेल ब्यूतोर याची ‘ला मोदिफिकास्यों’ (1957) ही फ्रेंच कादंबरी या प्रश्नाची उत्तम कसोटी आहे. लेओं देल्मों हा स्काबेल्ली या इटालियन टंकयंत्र कंपनीच्या पॅरिस शाखेचा प्रमुख सकाळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रोमला उतरतो. पत्नी आंरिएतला सोडून रोममधील प्रेयसी सेसीलला पॅरिसला आणावे, असे ठरवून तो निघाला आहे. प्रवास संपतो तेव्हा तो निश्चय उरलेला नसतो. त्याच्या जागी एक पुस्तक लिहिण्याचा संकल्प आलेला असतो. जवळजवळ सारे निवेदन ‘व्हू’ या आदरार्थी सर्वनामात आहे.

आरंभी डब्याच्या दारावर पाय ठेवणारा व खांद्याने दार ढकलणारा ‘व्हू’ कोणीही असू शकतो. प्रवासाचा अनुभव सार्वत्रिक असल्याने वाचक निमूटपणे चढतो. परंतु लवकरच त्याला कळते की आपण पंचेचाळीस वर्षांचे आहोत. विशीतील वाचक, किंवा कोणतीही वाचक स्त्री, येथे एक पाऊल मागे येते. संबोधन चालूच राहते, पण ते आता दुसऱ्या कोणाला उद्देशून आहे, आणि आपण ते ऐकणारे साक्षीदार आहोत. एकाच वाक्यात आरोपी आणि साक्षीदार अशा दोन्ही जागांवर बसण्याचा हा अनुभव प्रथमपुरुषी निवेदन देऊ शकत नाही आणि तृतीयपुरुषीही नाही.

मग बोलतो कोण? देल्मों स्वतःशीच बोलतो आहे, असे एक उत्तर सहज सुचते. ते संहितेत टिकत नाही. फ्रेंच माणूस स्वतःशी बोलताना ‘त्यू’ म्हणेल, ‘व्हू’ नव्हे. ब्यूतोरने 1961 मधील कादंबरीतील सर्वनामांविषयीच्या निबंधात द्वितीयपुरुषाचा संबंध चौकशीशी जोडला आहे. जो आपली हकीकत सांगू शकत नाही, किंवा सांगू इच्छित नाही, त्याला ती दुसऱ्याने सांगावी लागते. कादंबरीत याचा पुरावाही आहे. फाँतेनब्लोच्या अरण्यातील दंतकथेचा घोडेस्वार शिकारी देल्मोंच्या मनात पुनःपुन्हा येऊन प्रश्न विचारतो, आणि तेही ‘व्हू’ म्हणूनच. रात्रीच्या दुःस्वप्नांत निवेदन ‘तो’कडे सरकते आणि अखेरीकडे क्वचित ‘मी’ उमटतो. म्हणजे ज्याची चौकशी चालली आहे त्याला हळूहळू वाचा फुटते. सर्वनामांचा हा क्रम हेच कादंबरीचे खरे कथानक होय.

इंग्रजी अनुवादात हे सारे धूसर होते. कारण ‘यू’ला आदर नाही आणि सलगीही नाही. तेथे स्वगताचे वाचन अगदी निर्वेध होते. मराठीत ‘तुम्ही’ उपलब्ध असल्याने हा तोटा टाळता येतो. परंतु जिव्हाळ्याच्या मोहाने एखाद्या अनुवादकाने ‘तू’ योजला, तर चौकशीचे रूपांतर आत्मसंवादात होईल आणि शिकारी केवळ शोभेचा उरेल. ‘आपण’ योजल्यास निराळाच घोटाळा होईल. आपल्या ‘आपण’मध्ये आदरार्थी ‘तुम्ही’ आहे, तसाच बोलणाऱ्यासह सर्वांना सामावणारा ‘आम्ही’ही आहे. चौकशी करणारा आणि आरोपी एकाच बाकावर येऊन बसतील.

आदराइतकाच लिंगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘तू आलास’ किंवा ‘तू जातेस’ म्हणताक्षणी मराठी वाचकांपैकी निम्मे बाहेर पडतात. वयाचा उल्लेख येईपर्यंत थांबावे लागत नाही. पण मराठीत आडोसेही आहेत. ‘तू पाय ठेवलास’ यात क्रियापद कर्माच्या लिंगाने चालते, कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. ‘तुम्ही शिरता’ यातही ते दिसत नाही. मात्र ‘दमलेले’ की ‘दमलेल्या’ हे लिहावे लागले की ते उघड होते. आणि ‘तू जाशील’, ‘तुम्ही जाल’ हा आपला भविष्यकाळ पूर्णतः लिंगनिरपेक्ष आहे. हिंदीला ही सोय नाही: तेथे ‘जाओगे’ आणि ‘जाओगी’ यांतून निवड करावीच लागते. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही, पण तुई, तुमि, आपनि या तीन पायऱ्यांतून एक निवडावी लागते. तमिळ व कन्नड क्रियापदेही द्वितीयपुरुषात लिंग सांगत नाहीत.

कार्लोस फुएन्तेस याची ‘आउरा’ (1962) ही स्पॅनिश लघुकादंबरी सलगीच्या ‘तू’मध्ये, वर्तमान व भविष्यकाळात लिहिलेली आहे. तिच्यातील भविष्यकाळ तरुण इतिहासकार फेलिपे मोन्तेरो याला एका मृत सेनानीच्या जागी ढकलणारी नियतीची आज्ञा ठरतो. त्या वाक्यांपुरती ही आज्ञा मराठीत कर्त्याचे लिंग न उघडता ऐकवता येईल, हिंदीत येणार नाही. वर्तमानकाळाच्या वाक्यांत मात्र मराठीलाही ‘जातोस’ की ‘जातेस’ हे ठरवावे लागेल. ही कोणत्याही भाषेची थोरवी अगर उणीव नव्हे. प्रत्येक भाषेत वाचक वेगळ्या वाक्यापाशी पात्रापासून विलग होतो, एवढाच याचा अर्थ.

कोणी म्हणेल की वाचक व्याकरणाचा इतका विचार करीत नाही. पुरुषनायकाच्या ‘तू’शी स्त्रीवाचकही समरस होते. होते, हे खरे. परंतु समरस होण्यासाठी तिला एक अंतर ओलांडावे लागते, आणि पुरुषवाचकाला त्याची जाणीवही होत नाही. इटालो काल्व्हीनोने 1979 च्या आपल्या कादंबरीत ‘तू’ला आरंभी पुरुषवाचक ठरवले आणि बऱ्याच उशिरा तो वळून वाचिकेला ‘तू’ म्हणाला. त्या वळणाला धक्का बसतो, तो हे अंतर तोवर अदृश्य राहिले होते म्हणूनच.

म्हणून भारतीय भाषांतील द्वितीयपुरुषी कथांची चर्चा करताना ‘वाचक गुंततो’ या विधानावर थांबू नये. संबोधन कोणत्या पायरीवरचे आहे, क्रियापद लिंग कोठे उघड करते आणि त्या क्षणी आपण आत असतो की दारात, हे संहितेत बोट ठेवून दाखवता येते. ते दाखवल्यानंतरच ‘बोलतो कोण’ या प्रश्नाचे उत्तर केवळ अभिरुचीवर सोपवावे लागत नाही.