‘जाऊ दे, नशिबात नव्हतं’ हे आता बंद करा



आज पिकावर नाही, पैशावर लिहितोय. ऑनलाइन ॲडव्हान्स दिला आणि माल आलाच नाही, असं एकाचं झालं की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." दुसरा, "थांब चार दिवस, येईल गाडी." हे दोन्ही सल्ले घेणाऱ्याच्या फायद्याचे आहेत, देणाऱ्याच्या नाहीत. आणि ते देणारे बहुतेक लोक असे असतात, की ज्यांचा एक रुपयाही त्यात गुंतलेला नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे परत मिळतात का, तर कधी पूर्ण, कधी अर्धे, कधी काहीच नाही. पण समोरचा चोर आहे की बुडव्या, हे आधी ठरवा. दोघांचे दरवाजे वेगळे आहेत. चोराच्या बाबतीत तास मोजायचे असतात, बुडव्याच्या बाबतीत कागद. आपले लोक नेमकं उलटं करतात. चोराची चार दिवस वाट बघतात आणि बुडव्यावर पहिल्याच दिवशी ठाण्यात धावतात.

आमच्याच शिवारात एका हंगामात दोन प्रकरणं झाली, ती सांगतो.

पहिलं पॉवर वीडरचं. मोबाईलवर जाहिरात आली, नवं मशीन ३२ हजाराला. बाजारात तेच साठाच्या पुढे. बुकिंगचे ५,००० मागितले, ते दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आला आणि "गाडी भरली, १३,५०० टाका" असा फोन. ते टाकले. संध्याकाळी परत फोन, "जीएसटीचे ६,००० भरा, माल उतरल्यावर परत मिळतील." इथं ओळखायचं. परत मिळणारे पैसे आधी मागतो तो व्यापारी नसतो. आणखी एक खूण म्हणजे जाहिरात कंपनीच्या नावाची, पण पैसे टाकताना ॲपवर नाव दिसलं ते कुठल्यातरी बाईमाणसाचं. ते खातं भाड्यानं घेतलेलं असतं. त्यात पैसे आले की लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात.

म्हणून इथं एकच काम. १९३० ला फोन. लगेच, रात्री असेल तर रात्री. तो नाही लागला तर cybercrime.gov.in वर तक्रार. ते विचारतात रक्कम, तारीख-वेळ, तुमची बँक, समोरच्याचं खातं किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा १२ आकडी नंबर, जो ॲपच्या हिस्ट्रीत असतो. हे कागदावर लिहून मगच फोन करा, नाहीतर घाबरून निम्मं विसरतं. मेसेजवर तक्रार नंबर येतो, तो जपून ठेवा. फोन झाल्यावर आपल्या बँकेतही लेखी कळवा आणि पोहोच घ्या.

या फोननं काय होतं? तुमचे पैसे ज्या खात्यात पोचले असतील, तिथं बँक तेवढी रक्कम अडवून धरते. एवढंच. पैसे लगेच परत येत नाहीत, पण पुढं पळायचे थांबतात. आमच्या माणसाला त्याच्या पुतण्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायला लावला. एकूण १८,५०० गेले होते, त्यातले ९,२०० अडले. बाकीचे रात्रीच निघाले होते. सांगणाऱ्यांनी "थांब, गाडी येईल" म्हणून त्याला ती रात्र थांबवली होती. त्या एका रात्रीची किंमत काढा तुम्हीच.

अडलेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, इथं बरेच जण गाफील राहतात. त्याला तालुक्याच्या कोर्टात अर्ज करावा लागला. ठाण्याचा अहवाल, तक्रार नंबर, बँकेचं स्टेटमेंट जोडलं, कोर्टाचा हुकूम झाला, तो बँकेला गेला, मग पैसे आले. पाचेक महिने गेले. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हा अर्ज कलम ५०३ खाली होतो. वकिलाला एवढा आकडा सांगितला तरी त्याला कळतं. आणि जे अडले नाहीत, ते जवळपास गेलेच धरा. खोटी आशा मी देत नाही.

आता एक गैरसमज. "तीन दिवसांत बँकेला कळवलं की बँक भरून देते," असं पारावर छातीठोक सांगतात. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तसा नियम केला, पण तो तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर. इथं पिन आपण स्वतः टाकलेला असतो. त्यामुळं त्या नियमावर विसंबून बसू नका.

ठाण्यात कुणी म्हणालं "हे दिवाणी आहे, कोर्टात जा," तर वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोहोच मागा. खोटी बिल्टी, खोटं नाव, भाड्याचं खातं, ही फसवणूक आहे, दिवाणी नव्हे. तिथं घेतलंच नाही तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवायचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे.

दुसरं प्रकरण ठिबकचं. दोन एकर डाळिंबाला. बाहेरच्या जिल्ह्यातला विक्रेता, इंटरनेटवर सापडला. दुकान खरं, जीएसटी नंबर खरा. ९२ हजाराचं कोटेशन, ४० हजार ॲडव्हान्स फर्मच्या खात्यावर, १५ दिवसांत माल. दोन महिने झाले, "कंपनीकडून नळ्या आल्या नाहीत, सोमवारी पाठवतो" एवढंच. किती सोमवार गेले.

हा चोर नाही, बुडव्या आहे. आपले पैसे दुसरीकडं फिरवतोय. इथं पोलीस "दिवाणी" म्हणाले तर बहुतेक वेळा ते बरोबर असतं, कारण शब्द मोडला म्हणजे सुरुवातीपासून फसवायचंच होतं, असं होत नाही. त्याच माणसानं आणखी पाच-सहा जणांचे असेच घेतलेत आणि कुणालाच माल दिला नाही असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. मग सगळ्यांनी मिळून फसवणुकीची तक्रार द्या.

एरवी इथं फोन बंद करायचा आणि लिहायला लागायचं. पोरानं व्हॉट्सॲपवर लिहिलं, "४०,००० अमुक तारखेला दिले, माल अमुक तारखेला यायचा होता, आला नाही. कधी देता ते लिहून कळवा." समोरून आलं, "दादा पैसे कुठं जात नाहीत, देतो." झालं, पैसे घेतल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलं. फोनवर महिनाभर शिव्या देऊन हे मिळालं नसतं. मग साध्या मराठीत एक पानी नोटीस, स्पीड पोस्टानं, पोहोच पावतीसह. १५ दिवसांत पैसे परत करा, नाहीतर ग्राहक आयोगात जातो. या टप्प्यावर माल मागू नका, पैसे मागा. माल मागितला की त्याला परत सोमवार सापडतो.

मधे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. मोठी कंपनी असेल तर तिथून काम होतं. पण हेल्पलाइन तक्रार पुढं पाठवते, हुकूम काढू शकत नाही. छोटा दुकानदार उत्तरच देत नाही. आमच्याकडंही नाही दिलं.

मग जिल्हा ग्राहक आयोग. आपल्याकडं समजूत अशी, की ज्या गावचा दुकानदार त्या गावी केस. तसं नाही. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल होते. कोटेशन, पैसे दिल्याचा पुरावा, चॅटच्या प्रिंट, नोटीस आणि पोहोच जोडा, आणि सातबारा विसरू नका. कारण समोरचा हमखास म्हणतो, "हा शेतीधंद्यासाठी माल होता, हा ग्राहकच नाही." पोटासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरला जातो, हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि बियाण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. मुदत दोन वर्षांची. सोमवार मोजत बसाल तर तीही जाते.

आमच्या ठिबकवाल्यानं नोटीस मिळाल्यावर २५ हजार टाकले आणि सोबत "हिशोब मिटला" असं लिहून मागितलं. ते दिलं नाही. "२५,००० मिळाले, १५,००० बाकी" एवढंच लिहून पाठवलं. अशा वेळी मिटला लिहून दिलं की बाकीचे गेलेच. आयोगाची नोटीस पोचल्यावर राहिलेले १५ हजार आले. सगळं मिळून सात-आठ महिने. नसते दिले तर निकालापर्यंत कदाचित वर्ष-दोन वर्षं गेली असती. पण आयोगाचा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगाची तरतूद आहे, हे त्यालाही माहीत असतं.

शेवटचा इशारा. पैसे बुडाल्यावर "आम्ही रिकव्हरी करून देतो, १० टक्के आधी भरा" असे फोन येतात. कधी सायबर पोलीस असल्याचं सांगतात. ती दुसरी चोरी असते, बऱ्याचदा पहिल्याच टोळीची. १९३० ला आणि तक्रार नोंदवायला एक रुपयाही लागत नाही.

आणि गावातल्या शहाण्यांना हात जोडून विनंती. कुणाचा ॲडव्हान्स अडकला की "जास्त हुशारी करायला गेला" असं हसू नका. तुमच्या त्या हसण्यापायी माणूस घरातसुद्धा सांगत नाही, चार दिवस तोंड लपवतो, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. हसायचं असेल तर नंतर हसा. आधी त्याच्या हातात मोबाईल द्या आणि १९३० लावून द्या.