माधवनगरच्या हातगाडीला कर्ज मिळेल, जागेचं काय?

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम स्वनिधी योजनेला नव्याने मंजुरी दिली. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांना बिनतारण कर्ज देणारी ही योजना आता 31 मार्च 2030 पर्यंत चालणार आहे. पहिल्या हप्त्याचं कर्ज 10 हजारांवरून 15 हजार झालं, दुसऱ्याचं 20 हजारांवरून 25 हजार, आणि तिसरा हप्ता 50 हजारांचाच राहिला. बातम्यांमध्ये हे आकडे गाजले. पण त्याच निर्णयात आणखी एक वाक्य होतं, ज्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आजवर ही योजना नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीपुरती होती. आता ती टप्प्याटप्प्याने 'जनगणना शहरं' आणि शहरालगतच्या भागांपर्यंत नेली जाणार आहे.

सांगलीला लागून असलेलं माधवनगर हे असंच एक गाव. जनगणनेच्या हिशेबात ते शहर आहे, कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायत. म्हणजे इथल्या हातगाडीवाल्यापर्यंत सरकारचं कर्ज पोहोचण्याची वाट मोकळी होते आहे. प्रश्न असा आहे की, ज्या जागेवर ती हातगाडी उभी राहते त्या जागेचं संरक्षण करणारा कायदा तिथपर्यंत पोहोचतो का? आमच्या मते आज तो पोहोचत नाही, आणि वाढत्या सांगलीच्या कडेला राहणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी हाच सर्वात मोठा धोका आहे.

शहर वाढतं तेव्हा रस्त्याच्या कडेला काय होतं

एखाद्या साध्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, जागांचे भाव चढतात आणि जुने लोक बाहेर फेकले जातात. 1964 साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ महिलेने लंडनच्या अभ्यासातून या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिलं. आपल्याकडच्या मध्यम शहरांत ती थोडी वेगळ्या वाटेने येते. इथे जुनी घरं विकत घेण्याआधी रस्त्याकडेची मोकळी जमीन विकली जाते.

सांगली-तासगाव रस्त्यासारख्या कोणत्याही वाढत्या रस्त्यावर हा क्रम ओळखता येतो. आधी शेताचा बांध असतो आणि त्याच्यासमोर भाजीची पाटी, चहाची टपरी, पंक्चरवाला बसतो. जमीनमालकाची त्याला हरकत नसते, कारण समोरच्या जागेला भाव नसतो. मग शेताचे प्लॉट पडतात, बिगरशेती परवाना होतो आणि रस्त्याकडेला गाळे बांधले जातात. गाळ्याची किंमत त्याच्या दर्शनी भागावर ठरते. त्यामुळे कालपर्यंत कुणाला न खुपणारी टपरी एकाएकी 'अतिक्रमण' होते. तक्रार मात्र किमतीची नसते. ती वाहतूक, घाण आणि अपघाताच्या नावाने होते. त्यातली काही कारणं खरीही असतात, पण ती नेमकी गाळे विकायला निघाल्यावरच का आठवतात, हे पाहिलं पाहिजे.

एक गाडी, दोन हद्दी

समजा, एक ताई दहा वर्षांपासून हातगाडीवर भाजी विकतात. त्यांची गाडी सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर त्यांना 2014 चा पथविक्रेता कायदा लागू होतो. हा कायदा 1 मे 2014 पासून अमलात आहे. महापालिकेने आधी सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि दर पाच वर्षांनी ते पुन्हा करायचं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. प्रमाणपत्रातल्या जागेवरून हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची. भाजी, फळं, मासे असा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा.

निर्णय कोण घेतं, हेही या कायद्याने ठरवून दिलं आहे. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक व दिव्यांग यांना योग्य प्रतिनिधित्व हवं.

आता तीच गाडी हद्द ओलांडून माधवनगरच्या बाजूला उभी करा. ताई त्याच, भाजी तीच, गिऱ्हाईकही बहुतेक तेच. पण इथे लागू होतो 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या कलम 53 नुसार सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. पंचायतीने कुचराई केली तर जिल्हाधिकारी ते काढू शकतात. त्यात सर्वेक्षण नाही, विक्रेत्यांची समिती नाही, नाशवंत माल त्याच दिवशी परत करण्याची अट नाही. कायद्याच्या नजरेत त्या ताई 'विक्रेत्या' नाहीतच, त्या फक्त 'अडथळा' आहेत. आणि जागा रेल्वेच्या मालकीची असेल, तर 2014 चा कायदा शहरातही लागू होत नाही. रेल्वेची जमीन त्यातून स्पष्टपणे वगळली आहे.

विसंगती इथेच संपत नाही. स्वनिधीच्या 2020 च्या मूळ नियमांतही, आसपासच्या गावांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांना शिफारसपत्रावर कर्ज मिळण्याची सोय होती. म्हणजे माधवनगरची बाई सांगलीत जाऊन विकत असेल तर पात्र आणि स्वतःच्या गावात विकत असेल तर अपात्र. नवा निर्णय कर्जापुरती ही विसंगती दूर करू पाहतो. जागेपुरती ती तशीच राहते. कर्ज फेडायचं तर रोज गाडी लागली पाहिजे. गाडी उठली तर हप्ता थकणार, आणि तो थकल्याची नोंद त्या विक्रेत्याच्याच नावावर होणार.

'शहर' या शब्दात एक फट आहे

2014 च्या कायद्यात 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे कोण, याची व्याख्या आहे. त्यात महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि कटक मंडळ यांची नावं आहेत. ग्रामपंचायतीचं नाव नाही. पण पुढे असंही म्हटलं आहे की, कोणत्याही शहरात किंवा नगरात नागरी सुविधा पुरवण्याचा व पथविक्रीचं नियमन करण्याचा अधिकार असलेली इतर संस्थाही त्यात येते, आणि तिथल्या जमीनवापराचं नियमन करणारं नियोजन प्राधिकरणही येतं.

किमान 5 हजार लोकसंख्या, किमान 75 टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोक, या कसोट्यांवर जनगणना एखाद्या गावाला नगर मानते. मग पथविक्रेता कायद्यासाठी ते नगर का नाही? हा युक्तिवाद न्यायालयात टिकेलच असं आम्ही म्हणत नाही, कारण 'जनगणना शहर' ही मोजणीची वर्गवारी आहे, कारभाराची नव्हे. पण केंद्र सरकार स्वतःच्या कर्जयोजनेसाठी ही वर्गवारी वापरू शकतं, तर संरक्षणासाठी ती का वापरत नाही, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारता येतो. 1989 च्या सोदन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या व्यवसायाला, वाजवी निर्बंधांसह, संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(छ) खाली मूलभूत हक्क मानलं आहे. हा अनुच्छेद महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. थांबते ती हक्क राबवणारी यंत्रणा.

हद्दवाढ झाली की सुटेल का?

अनेकांना वाटतं, गाव पालिकेत गेलं की कायदा आपोआप लागू होईल. लागू होईल हे खरं. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, तसं कुठेही घडू शकतं. पण तेव्हा पहिला प्रश्न येतो पुराव्याचा. तुम्ही इथे कधीपासून बसता?

मुंबईचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पालिकेने फेरीवाल्यांकडून रोज पैसे घेऊन पावती द्यायला सुरुवात केली आणि 1990 च्या दशकात ती बंद केली. पावती जागेचा हक्क देत नव्हती. उलट ती बेकायदा जागा व्यापल्याबद्दलच्या आकाराची होती. तरीही नंतर अनेकांकडे जुनेपणाचा पुरावा म्हणून तेवढाच कागद उरला. 2014 च्या सर्वेक्षणात मुंबईत 99,435 अर्ज आले. 2024 मध्ये समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदार यादीत 32,415 जण होते. कायद्यातली कमाल मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईसाठी ती सुमारे 3 लाख 11 हजार होते. म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत असूनही दोन तृतीयांश अर्जदार गळाले. अधिवासाची अट आणि कागदपत्रं यांच्यात माणसं अडकली. यात आधी कुणाचे कागद अपुरे पडतात, हे आपल्या वस्त्यांना वेगळं सांगायला नको.

दहा हजार वस्तीच्या गावाला हीच मर्यादा अडीचशे विक्रेत्यांची होते. एवढ्या लोकांची यादी करायला मोठी यंत्रणा लागत नाही.

पावती जपा, नोंद मागा

ग्रामपंचायतीला बाजार आणि आठवडी बाजारावर फी घेण्याचा अधिकार आहे. ती वसुली बहुतेक ठिकाणी लिलावाने ठेकेदाराकडे जाते. ठेकेदाराच्या पावतीवर अनेकदा ना नाव असतं, ना जागा, ना तारीख. फी रोज जाते, पण पुरावा तयार होत नाही. म्हणून पहिली मागणी साधी आहे. पावतीवर विक्रेत्याचं नाव, जागा आणि तारीख असावी, आणि ही अट लिलावाच्या शर्तींतच घालावी.

दुसरी मागणी ग्रामसभेची. गावातल्या सर्व विक्रेत्यांची फोटोसह नोंदवही ठेवण्याचा आणि लेखी नोटीस दिल्याशिवाय कुणालाही न उठवण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. अशा ठरावाला 2014 च्या कायद्याइतकं बळ नाही. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर त्या विभागावर तो बंधनकारकही नाही. पण उद्या गाव नगरपंचायत झालं किंवा महापालिकेत गेलं, तर तीच नोंदवही पहिल्या सर्वेक्षणाचा पाया ठरेल. नोंदवहीचं काम पाहणाऱ्या गटात महिला आणि अनुसूचित जातींचे विक्रेते असावेत, हे ठरावातच लिहून घ्यावं. शहरात कायदा जे सक्तीने करतो, ते गावात मागून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट स्वनिधीची. योजना गावात येईल तेव्हा शिफारसपत्र किंवा ओळखपत्र केवळ कर्जाचा कागद समजून बँकेत देऊन मोकळं होऊ नये. त्याची प्रत जपावी, त्यावर विक्रीची जागा नोंदवायला सांगावी. सरकारनेच एकदा 'हा पथविक्रेता आहे' असं लिहून दिल्यावर, त्याच माणसाला 'अडथळा' म्हणून हटवणं तितकं सोपं राहत नाही.

सांगली वाढणार आहे आणि माधवनगरचा रस्ता रुंदही होईल. त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण रुंदीकरणाच्या मोजणीची खूण रस्त्याकडेला पडेल, त्या दिवशी तिथे बसणाऱ्यांची नावं कुठल्या तरी सरकारी वहीत आधीच लिहिलेली असली पाहिजेत.