लॉगमधून रुपयांत परतताना

पाच रुग्णांची बिले घेऊ: 5, 10, 20, 40 आणि 80 हजार रुपये. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून निवडले आहेत, पण त्यांची ठेवण कोणत्याही रुग्णालयाच्या बिलांसारखीच आहे. बहुतेक बिले लहान आणि एखादेच फार मोठे. अशा आकड्यांवर थेट रिग्रेशन बसवले, तर एक मोठे बिल सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेते. म्हणून अभ्यासक आधी बिलांचा लॉग घेतात, त्यावर मॉडेल बसवतात आणि आलेला अंदाज घातांकाने पुन्हा रुपयांत आणतात. या परतीच्या वाटेवर पैसे हरवतात.

आपल्या पाच बिलांच्या लॉगची सरासरी काढून ती रुपयांत परत आणली, तर उत्तर येते 20 हजार. खरी सरासरी आहे 31 हजार. पाच जणांसाठी 1 लाख रुपयांची तरतूद झाली आणि खर्च मात्र 1 लाख 55 हजारांचा. यात बेरीज कुठेही चुकलेली नाही. लॉगच्या मोजपट्टीवर 20 हजारांपासून निमपट आणि दुपट सारख्याच अंतरावर असतात. रुपयांत तसे नसते: निमपट म्हणजे 10 हजार कमी, दुपट म्हणजे 20 हजार जास्त. लॉगमध्ये एकमेकांना फेडणारे दोन फरक रुपयांत एकमेकांना फेडत नाहीत, आणि तूट नेहमी एकाच दिशेने पडते. परत आलेले 20 हजार ही सरासरी नव्हेच, तो गुणोत्तर मध्य आहे. इथे तो मधल्या बिलाशी, म्हणजे मध्यकाशी, जुळतो. ‘सर्वसाधारण रुग्णाला किती बिल येईल’ एवढेच विचारायचे असेल, तर हे उत्तर योग्य आहे आणि त्याला हात लावू नये. पण एकूण पैसे किती लागतील हा प्रश्न असेल, तर ते चूक आहे.

जुना उपाय असा: लॉगमधले फरक सामान्य वितरणाप्रमाणे, म्हणजे घंटेच्या आकारात, पसरलेले आहेत असे मानायचे, त्यांचे प्रचरण s² काढायचे आणि अंदाजाला exp(s²/2) ने गुणायचे. आपल्या बिलांसाठी हा गुणक सुमारे 1.82 येतो आणि अंदाज 36 हजारांच्या वर जातो. आधी कमी पडले होते, आता जास्त झाले. घंटेचा आकार हे गृहीतक होते, आणि घातांक घेतल्यावर त्या गृहीतकातली चूक फुगते.

हाच पेच अमेरिकेत रँड संस्थेच्या आरोग्य विमा प्रयोगात समोर आला. 1970च्या दशकात सुरू झालेल्या त्या प्रयोगात कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजना दिल्या होत्या. कुणाला सगळे मोफत, तर कुणाला बिलाचा मोठा वाटा स्वतः भरायचा. कोणत्या योजनेत किती खर्च होतो हाच मुख्य प्रश्न होता, त्यामुळे लॉगमधले उत्तर पुरेसे नव्हते, डॉलरमधली सरासरी हवी होती. तिथले संख्याशास्त्रज्ञ नाइहुआ दुआन यांनी 1983 साली जो उपाय मांडला, त्याला स्मिअरिंग म्हणतात.

त्याची कल्पना फार सरळ आहे. फरक कसे पसरले आहेत याचा आकार आपण ठरवायचाच नाही. हाती आलेले फरकच वापरायचे. प्रत्येक रुग्णासाठी लॉगमधला खरा आकडा उणे अंदाज असा फरक काढायचा, त्या प्रत्येक फरकाचा घातांक घ्यायचा आणि त्यांची सरासरी काढायची. आपल्या बिलांत हे घातांक 0.25, 0.5, 1, 2 आणि 4 आहेत. बेरीज 7.75, सरासरी 1.55. अंदाजाच्या 20 हजारांना 1.55 ने गुणले की 31 हजार येतात. इथे उत्तर तंतोतंत जुळले, कारण मॉडेलमध्ये सरासरीखेरीज काही नव्हते. वय, आजार, वॉर्ड अशी कारणे घातली की मेळ इतका नेमका बसत नाही, पण जवळ यायला हवा. न आल्यास मॉडेलमध्ये काही बिघडले आहे असे समजावे.

बेरीज जुळली की काम झाले, असे मात्र नाही. आता दोन वॉर्ड घेऊ. पहिल्यात बिले 10, 20 आणि 40 हजार; दुसऱ्यात 5, 20 आणि 80 हजार. लॉगमध्ये दोघांची सरासरी एकच, त्यामुळे लॉगचे मॉडेल सांगते की दोन वॉर्डांत काहीच फरक नाही. प्रत्यक्षात पहिल्याची सरासरी 23,333 रुपये आणि दुसऱ्याची 35,000, म्हणजे दीडपट. सहाही बिलांचा मिळून एकच स्मिअरिंग गुणक काढला तर तो सुमारे 1.46 येतो आणि दोन्ही वॉर्डांना 29,167 रुपयांचा अंदाज मिळतो. एकूण बेरीज बरोबर येते, पण पहिल्या वॉर्डाला चौथ्या हिश्श्याने जास्त पैसे मिळतात आणि दुसऱ्याला सहाव्या हिश्श्याने कमी.

चूक इथे स्मिअरिंगच्या कृतीत नाही. एकच गुणक सर्वांना लावताना आपण धरून चालतो की फरकांचा पसारा सगळीकडे सारखा आहे. इथे तो सारखा नव्हता. प्रत्येक वॉर्डाचा गुणक वेगळा काढला, 1.17 आणि 1.75, की दोन्ही अंदाज जागेवर येतात. विलार्ड मॅनिंग यांनी 1998 साली हाच इशारा दिला होता: पसारा गटागणिक बदलत असेल, तर गटांची तुलनाच बिघडते, मग सर्वांना लावलेला एकच गुणक कितीही काळजीने काढलेला असो. आमच्या मते या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच इशाऱ्याकडे होते, कारण एकूण बेरीज जुळल्यावर पुढे पाहायची गरज वाटत नाही.

पसारा वयासारख्या सलग बदलणाऱ्या गोष्टीबरोबर वाढत असेल, तर गट पाडणे अवघड जाते. प्रत्येक गटात थोडीच माणसे उरली तर गुणकही डळमळतो; आपल्या पाच बिलांतल्या 7.75 पैकी 4 एकट्या 80 हजारांच्या बिलातून आले होते, हे विसरू नये. अशा वेळी लॉग घेऊन परतण्यापेक्षा सरासरीच्याच लॉगचे मॉडेल बसवणे बरे. लॉग लिंक असलेले गॅमा मॉडेल तेच करते. त्यात बिले रुपयांतच राहतात, म्हणून परतीची वाट आणि तिचा गुणक दोन्ही लागत नाहीत. शून्य बिलांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांचा लॉगच निघत नाही. खर्च होण्याची शक्यता आणि झाल्यास किती, असे दोन भाग वेगळे करावेत. शून्यात एक रुपया मिळवून लॉग घेण्याची सवय सोडावी, कारण मिळवलेला आकडा बदलला की उत्तर बदलते.

लॉगच्या मॉडेलवरून खर्चाचे अंदाज मांडणाऱ्यांकडे आमची एक मागणी आहे. अहवालात कोणता गुणक वापरला ते लिहा, आणि त्याखाली एक तक्ता द्या: प्रत्येक गटाचा अंदाजित खर्च आणि त्याच गटाचा प्रत्यक्ष खर्च, रुपयांत, शेजारी शेजारी.