एक गिऱ्हाईक केवढ्याला पडतं?

मागच्या महिन्यात रविवारी जेवणं झाल्यावर वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "भाऊजी, बघा, जाहिरातीतून एक गिऱ्हाईक २४० रुपयांना पडतंय आणि ऑर्डर सरासरी ४५० ची आहे. जाहिरात दुप्पट करू का?" वहिनी बडोद्यात घरीच गोडा मसाला, मेतकूट आणि चटण्या करतात आणि इन्स्टाग्रामवर विकतात. दादा म्हणत होता, पैसे दिसत नाहीत. वहिनी म्हणत होत्या, ऑर्डरी दिसतायत ना! मी लॅपटॉप उघडला.

४५० हा विक्रीचा आकडा आहे, उरणारा नाही. सामान १८०, डबा-लेबल-खोकं ४०, कुरिअर ७५ आणि ऑनलाइन पेमेंटचे १० असे ३०५ जातात, म्हणजे हातात १४५ राहतात. (पार्सल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय वहिनींनी ठेवलेलीच नाही, नाहीतर परत येणाऱ्या पार्सलांचा खर्चही धरावा लागला असता.) १४५ कमवायला २४० दिले, तर पहिल्या ऑर्डरला ९५ रुपये खिशातून गेले. ते परत यायचे तर गिऱ्हाईक पुन्हा यायला हवं. एक गिऱ्हाईक एकूण किती वेळा येतं गुणिले दर खेपेला उरणारे पैसे, यालाच कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू म्हणतात.

वहिनींनी हे गणित आधी केलं होतं. वर्षभरातल्या सगळ्या ऑर्डरी भागिले सगळी गिऱ्हाइकं, उत्तर ३.२. म्हणजे माणशी ४६४ रुपये. मग २४० द्यायला काय हरकत आहे?

हरकत अशी की त्या सरासरीत आमच्या आत्या, दादाच्या ऑफिसातली मंडळी आणि दर गणपतीला दहा डबे नेणाऱ्या शेजारच्या काकू होत्या. ही माणसं जाहिरात पाहून आलेली नव्हती. त्यांची सवय जाहिरातीतून आलेल्या अनोळखी माणसाला लावून चालत नाही. म्हणून वहिनींच्या शीटमध्ये मी आणखी एक रकाना घातला. A मध्ये ऑर्डरची तारीख आणि B मध्ये फोन नंबर असेल, तर हे सूत्र प्रत्येक ओळीसमोर त्या माणसाची पहिली तारीख आणून ठेवतं:

```
=MINIFS(A:A,B:B,B2)
```

नावावरून जुळवू नका, एकच बाई एकदा सासरच्या आणि एकदा नवऱ्याच्या नावाने मागवते.

मग जाहिरातीतून आलेली आणि ज्यांची पहिली ऑर्डर गेल्या वर्षी जानेवारी ते मार्चमधली होती, अशी ५० माणसं वेगळी काढली आणि प्रत्येकाचे पुढचे बारा महिने मोजले. ३४ जण पुन्हा आलेच नाहीत. उरलेल्या १६ जणांनी आणखी ३० ऑर्डरी दिल्या. एकूण ८०, म्हणजे माणशी १.६ आणि रुपयांत २३२. त्यातही एकटीने सात ऑर्डरी दिल्या होत्या. तिला वगळलं तर आकडा २१६ वर येतो. पन्नास माणसांवरचं गणित एवढं डळमळीत असतंच.

२४० विरुद्ध २३२. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बरोबरीतच की."

पण २४० तरी खरे होते का? महिन्याचा जाहिरातखर्च ९,६००. अ‍ॅड्स मॅनेजर ४० खरेदी दाखवत होता. नंबर जुळवले तर त्यातले १० जण जुनेच निघाले. कुणी जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत खरेदी केली किंवा ती नुसती पाहून एका दिवसात केली, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये श्रेय जाहिरातीला मिळतं. आत्यांना डबा संपल्यावर मागवायचाच होता, मधे जाहिरात डोळ्यासमोरून गेली एवढंच. नवी माणसं ३०, म्हणजे एक पडलं ३२० ला. वर्षभर थांबूनही प्रत्येकामागे ८८ रुपये तोटा, आणि वहिनी तो दुप्पट करायला निघाल्या होत्या. दादाने त्या वेळी एक शब्दही काढला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आम्ही जुन्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरातीतून वगळली. नव्या माणसामागे मर्यादा ठरवली १४५, २३२ नाही. कारण २३२ दिले तर वहिनींना स्वतःला काही उरत नाही, शिवाय ते पैसे वर्षभर हळूहळू येतात आणि जाहिरातीचं बिल लगेच कापलं जातं. १४५ मात्र पहिल्याच डब्यात परत येतात.

एका डब्यावर १४५ मध्ये गिऱ्हाईक मिळेना. म्हणून आता जाहिरात तीन डब्यांच्या ७५० च्या जोडणीची आहे. सामान ३००, डबे-खोकं ७०, कुरिअर ९५, पेमेंट १६ जाऊन २६९ उरतात, कारण कुरिअर डब्यांच्या पटीत वाढत नाही. तेवढीच नवी मर्यादा. पहिल्या महिन्यात नवं माणूस २५५ ला पडलं. एकदम तीन डबे घेतलेली माणसं पुन्हा लवकर येतील की उशिरा, हे अजून कुणालाच माहीत नाही. वहिनींनी त्यांचे नंबर शीटमध्ये पिवळे करून ठेवलेत.